रिमिक्सचं बटण, सावजीवाल्या ताई आणि दहा हजारांची जाहिरात

"मी नागपूरचा, वऱ्हाडीत कॉमेडी रील करतो. अमरावतीच्या एका ताईंची सावजी रस्स्याची रील होती. तिच्यावर इन्स्टाग्रामच्या रिमिक्सनं सासूचं सोंग घेऊन प्रतिक्रिया केली, मस्त चालली. आता इथल्या एका सावजी भोजनालयाच्या मालकाला ती त्यांच्या पेजवर जाहिरात म्हणून चालवायची आहे अन् यूट्यूबवरही टाकायची आहे, दहा हजार देतो म्हणतात. इकडं ताईंचा मेसेज आला, 'न विचारता कशी काय वापरली?' मी तर त्यांचं नाव टाकलं होतं. परवानगी लागते का? क्रेडिट दिलं तर चालत नाही का?"

भाऊ, रील जिथं आहे तिथं, आहे तशी राहिली तर बहुधा काही अडचण नाही. भोजनालयाच्या पेजवर जाहिरात म्हणून आणि यूट्यूबवर मात्र ताईंनी लेखी हो म्हटल्याशिवाय टाकू नका. तुम्ही नाव टाकलं होतं ही चांगली गोष्ट, पण त्यानं यातलं काहीच बदलत नाही. मी वकील नाही. सीताबर्डीला एडिटिंगचं छोटं दुकान आहे, आणि गेली काही वर्षं माझ्याकडं येणारी निम्मी भांडणं याच प्रकारची असतात. रक्कम मोठी असली की मी वकिलाकडं पाठवतो. दहा हजारांच्या मामल्यात बहुतेक वेळा दोन नीट मेसेज आणि एक सही केलेला कागद पुरतो.

सगळं त्या बटणापाशी सुरू होतं, म्हणून आधी तेच बघू. जून 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं, तरी "ड्युएट केलं" हा शब्द आपल्याकडं टिकला. आता ती सोय इन्स्टाग्रामवर रिमिक्स या नावानं आहे आणि यूट्यूब शॉर्ट्सवरही. बाजूबाजूला, वरखाली, कोपऱ्यात छोट्या चौकटीत किंवा त्यांच्या क्लिपच्या मागं तुमची क्लिप, असे प्रकार असतात. क्लिप तुम्ही डाउनलोड करत नाही, अ‍ॅपच तुम्हाला ती वापरू देतं. मूळ रील टाकणाऱ्यानं अ‍ॅपच्या अटी मान्य केलेल्या असतात आणि रिमिक्सची सोय चालू ठेवलेली असते, त्यातून ही परवानगी येते. यूट्यूबच्या अटींत हे स्पष्ट लिहिलंय: तुम्ही टाकलेला व्हिडिओ इतर वापरणाऱ्यांना घेता येतो, त्यातून नवं काही बनवताही येतं, पण यूट्यूबची एखादी सोय जेवढं करू देते तेवढंच. यूट्यूबच्या बाहेर तो वापरायचा हक्क यातून कोणालाही मिळत नाही, हेही तिथंच पुढं लिहिलंय. इन्स्टाग्रामचं गणितही याच अंगानं चालतं.

म्हणजे परवानगी बटणाला चिकटलेली असते. बटण दाबून जे तयार झालं ते त्या अ‍ॅपवर, त्या स्वरूपात, तुमच्या अकाउंटवर चालतं. तीच रील फोनमध्ये उतरवून यूट्यूबवर चढवली, भोजनालयाच्या काउंटरवरच्या टीव्हीवर फिरवली किंवा लग्नाच्या हॉलमधल्या एलईडीवर लावली, की बटण मागं राहिलं आणि त्याच्यासोबत परवानगीही.

ताईंनी "न विचारता" असं लिहिलंय. बटण त्यांच्या रीलवर दिसत होतं, म्हणजे त्यांच्या अकाउंटवर रिमिक्सची सोय चालू होती. अडचण अशी की सार्वजनिक अकाउंटवर ती बहुतेकदा आधीपासूनच चालू असते आणि ती बंद करता येते हे पुष्कळांना माहीतच नसतं. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्याच रीलसाठी ती बंद करता येते, रील टाकताना त्या एका रीलपुरतीही करता येते. ताईंना हे ठाऊक नसेल तर त्यांना वाटलेलं वाईट खरं आहे आणि तुमची चूक नाही हेही खरं आहे. म्हणून त्यांच्याशी कायद्याचा वाद घालू नका. "बटण होतं ना ताई" असं एक वाक्य लिहिलं की पुढची दहा हजारांची परवानगी तिथंच मेली, हे मी दोनदा पाहिलंय.

एक गोष्ट आत्ताच तपासा. तुमची रील खरोखर बटणातून झाली आहे का? तशी असेल तर ताईंच्या अकाउंटचं नाव रीलच्या खाली अ‍ॅपनंच दिलेलं असतं, त्यावर बोट ठेवलं की मूळ रील उघडते. बरेच जण सवयीनं स्क्रीन रेकॉर्ड करतात, दोन तुकडे एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये शेजारी बसवतात आणि कॅप्शनमध्ये नाव लिहून टाकतात. बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. पण पहिल्यात परवानगी आहे, दुसऱ्यात नुसतं नाव आहे. तुमची दुसऱ्या प्रकारची असेल तर माझं "बहुधा अडचण नाही" हे वाक्य मी परत घेतो.

नुसतं नाव म्हणजे काय, ते मी पैसे मोजून शिकलोय. काही वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याला एका ओळखीच्या दुकानदाराच्या पेजसाठी मारबतीची, म्हणजे आमच्याकडं मिरवणुकीत निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, क्लिप हवी होती. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येते तो क्षण एका पोरानं गच्चीवरून फार देखणा घेतला होता. मी तो उतरवला, खाली दुकानाचा पत्ता टाकला आणि "साभार" लिहून त्याचं नाव दिलं. मला वाटलं, मारबत काय कोणाच्या मालकीची आहे! मारबत नाहीच कोणाच्या मालकीची. पण गच्चीवर तीन तास उभं राहून घेतलेला तो शॉट त्या पोराचा होता. त्यानं अ‍ॅपकडं तक्रार केली, रील उडाली, दुकानदार माझ्यावर भडकला. मी त्या पोराला जाऊन भेटलो, पैसे दिले, तेव्हा तो म्हणाला, "काका, आधी विचारलं असतं तर फुकट दिला असता." ते वाक्य अजून टोचतं.

कायद्यातही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. कॉपी करणं, त्यातून नवं बनवणं, लोकांपुढं मांडणं हे हक्क मालकाचे, आणि ते वापरायला त्याची परवानगी लागते. निर्मात्याचं नाव लागणं आणि त्याच्या कामाची नाव खराब होईल अशी मोडतोड न होणं, हा 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 चा वेगळा हक्क आहे. परवानगी असली तरी नाव द्यावं लागतं. नाव दिलं म्हणून परवानगी मिळत नाही. "क्रेडिट: मूळ मालकाला" किंवा "हरकत असल्यास मेसेज करा, काढून टाकू" असं लिहिणाऱ्यांचं मला नवल वाटतं. क्लिप दुसऱ्याची आहे आणि आपण विचारलेलं नाही, हे ते स्वतःच्या हातानं लिहून देतात.

तुमच्या रीलमध्ये अजून एक गोष्ट बघा. सासूच्या सोंगात तुम्ही रश्श्याची थट्टा केली असेल तर ठीक. ताईंच्या बोलण्याची, त्यांच्या घराची किंवा त्यांच्या दिसण्याची केली असेल, तर त्यांचा मेसेज परवानगीबद्दल नसून त्याबद्दल असू शकतो. एकदा आवाज बंद करून फक्त त्यांचा अर्धा भाग बघा, मग फक्त तुमचा. कुठं हसू येतं ते लगेच कळतं.

"पण मी तर प्रतिक्रिया देतोय, ते तर चालतं ना?" असं तुमच्या मनात असेलच. कायद्याच्या कलम 52 मध्ये टीका किंवा परीक्षणासाठी योग्य तेवढा वापर करायची मुभा आहे. पण सात सेकंदांचा नियम, दहा सेकंदांचा नियम वगैरे जे फिरतं ते कायद्यात कुठंही नाही. कोर्ट काय बघतं ते 1996 च्या केरळ उच्च न्यायालयाच्या सिव्हिक चंद्रन खटल्यातून कळतं. तिथं एका नाटकावर टीका करणारं प्रतिनाटक लिहिलं होतं. कोर्टानं तीन गोष्टी पाहिल्या: टीकेच्या मानानं मूळ किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि नवं काम मूळ कामाचा बाजार खातंय का. तीच फूटपट्टी तुमच्या रीलला लावा. ताई म्हणतात, "मसाला तेलात चांगला परता", तुम्ही सासू होऊन क्लिप थांबवता अन् म्हणता, "अवं, परतता परतता पावनेच परतून गेले." इथं तुम्ही त्यांच्या वाक्यावर काही करताय. पण ताईंची अख्खी रेसिपी सलग चालू आहे आणि बाजूला तुम्ही नुसती मान डोलावताय, तर लोक ताईंचाच व्हिडिओ तुमच्या अकाउंटवर बघताहेत. अशा रीलला मी टीका म्हणणार नाही, कोर्टही म्हणेल असं वाटत नाही. आणि भोजनालयाच्या जाहिरातीला टीका-परीक्षणाच्या खात्यात बसवणं मला तरी जमणार नाही.

आता जाहिरातीकडं. या प्रकरणात खरा धोका इथंच आहे आणि तो कॉपीराइटच्याही पुढचा आहे. ताई त्यांच्या घरच्या कढईत, त्यांच्या मसाल्यानं रस्सा करताहेत. त्यावर जवसाच्या तेलाचा तवंग आलाय. खाली भोजनालयाचं नाव आणि फोन नंबर. बघणाऱ्याला काय वाटणार? एक तर हा रस्सा त्या भोजनालयात मिळतो, नाहीतर या ताई ते भोजनालय चांगलं म्हणताहेत. दोन्ही खोटं. एखाद्याचं नाव किंवा चेहरा त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीत वापरणं हा खाजगीपणाच्या हक्काचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1994 च्या राजगोपाल निकालात म्हटलंय. इथं इन्स्टाग्रामचं बटण काहीच कामाचं नाही, कारण बटण ताईंच्या क्लिपची परवानगी देतं, ताईंच्या शिफारशीची नाही. शिवाय ग्राहकाची दिशाभूल हा वेगळा विषय, आणि त्यात मालक तुमच्याइतकाच अडकतो. हे मालकाला सांगा. माझा अनुभव असा की कॉपीराइट म्हटलं की मालक हात झटकतात, पण "गिऱ्हाईक येऊन म्हणेल तो रस्सा कुठाय" म्हटलं की खुर्ची पुढं सरकवून ऐकतात. आणि मालक पैसे देतोय म्हटल्यावर रीलवर सशुल्क भागीदारीचं लेबल लावायला विसरू नका, मग ती तुमच्या अकाउंटवर का असेना.

यात चौथा एक माणूस आहे, त्याला सगळे विसरतात. तो म्हणजे गाणं. ताईंच्या रीलच्या खाली जिथं आवाजाचं नाव येतं तिथं बघा. तिथं Original audio असं असेल तर आवाज ताईंचा आहे, निदान त्यांनी तसा टाकलाय. गाण्याचं नाव असेल तर ते इन्स्टाग्रामच्या संगीतसंग्रहातून आलंय. ते वैयक्तिक वापरासाठी असतं, धंद्याच्या जाहिरातीसाठी नाही, म्हणून व्यवसायाच्या अकाउंटला बरीच गाणी दिसतही नाहीत. आणि Original audio दिसलं तरी कान देऊन ऐका. स्वयंपाकघरात मागं टीव्ही किंवा मोबाईलवर गाणं चालू असेल तर तेही क्लिपमध्ये आलेलं असतं. यूट्यूबवर चढवताच तिथली आपोआप ओळखणारी यंत्रणा ते पकडते. ताईंनी कितीही प्रेमानं हो म्हटलं तरी त्या गाण्याची परवानगी त्या देऊ शकत नाहीत, कारण ते त्यांचं नाहीच.

यावर एक साधा उपाय आहे, त्यानं मी बरीच कामं वाचवलीत. ताईंनी गाणं इन्स्टाग्रामच्या आतच जोडलं असेल तर त्यांच्या फोनच्या गॅलरीत मूळ शूट गाण्याशिवाय पडलेलं असण्याची चांगली शक्यता असते. ते मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर व्हिडिओ दाबला जाऊन फुटका दिसतो. हाती आल्यावर हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐका: कढईचा आवाज, ताईंचा आवाज, आणि मागं शेजारच्या घरातलं काही. मग हवं तर मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं किंवा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत टाका, मात्र एकाकडचं दुसऱ्या अ‍ॅपवर नेण्याआधी त्याच्या अटी वाचा. ऐकता ऐकता बघाही. कढईपाशी एखादं लहान पोर घुटमळताना दिसलं तर जाहिरातीत तो तुकडा मी कापतोच, आईवडिलांना वेगळं विचारल्यावर त्यांनी हो म्हटलं तरच ठेवतो.

आता ताईंना काय लिहायचं. आधी त्यांच्या मेसेजचं उत्तर द्या, जाहिरातीची गोष्ट त्यात आणू नका. बटणाचं सांगा पण ढालीसारखं नाही, आणि रील काढायची तयारी दाखवा. त्यांचा राग उतरला, बोलणं सुरू झालं, की दुसऱ्या दिवशी किंवा परवा खालच्यासारखा मेसेज. मी लोकांना जवळजवळ असाच लिहून देतो:

"नमस्कार ताई. तुमच्या सावजी रस्स्याच्या रीलमधले 0:12 ते 0:31 हे सेकंद मला नव्या व्हिडिओत वापरायचे आहेत. रीलची लिंक खाली दिली आहे. हा व्हिडिओ नागपूरच्या एका सावजी भोजनालयाची जाहिरात म्हणून त्यांच्या इन्स्टाग्राम पेजवर आणि यूट्यूब चॅनलवर चालेल, 6 महिने. त्यानंतर काढून टाकू. पूर्ण वेळ तुमच्या भागावर तुमच्या अकाउंटचं नाव दिसेल आणि 'रेसिपी ताईंची, भोजनालयाची नाही' असं लिहिलेलं असेल. माझं सोंग बाजूला राहील, तयार व्हिडिओ आधी तुम्हाला पाठवीन, तुम्ही हो म्हटल्यावरच टाकीन. यासाठी तुम्हाला अमुक रुपये. तुमची हरकत नसेल तर कृपया 'वरील सर्व मान्य आहे' असं लिहून कळवा. नको असेल तर तसं सांगा, आहे ती रीलही तुम्ही म्हणाल तर काढतो."

हे एवढं लांब का? कारण नुसतं "ताई, तुमची रील वापरू का?" विचारलं तर उत्तरात नुसता अंगठा येतो. तो अंगठा कशाला, हे कोणालाच सांगता येत नाही. इन्स्टाग्रामला की यूट्यूबला? एकदा की कायम? फुकट की पैशानं? ताईंच्या मनात एक, तुमच्या मनात दुसरं. कायद्यानं परवानगी लेखी हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर माहिती तंत्रज्ञान कायद्यानं लेखी धरला जाऊ शकतो, पण पैसे देऊन जाहिरात असेल तर मी हेच शब्द एका कागदावर टाकून दोघांच्या सह्या घेतो. मुदत लिहा म्हणण्याचं कारणही कायद्यातलंच आहे: मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. तुम्हाला हे फायद्याचं वाटेल, पण ताईंना दीड वर्षानं तीच क्लिप दिसली की भांडण तुमच्याच दारात येणार. आणि खटला व्हायची वेळ आली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 नं फिर्यादीला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात जाता येतं. ताई अमरावतीच्या, म्हणजे नागपुरातून तारखेला तुम्ही जाणार.

पैशांबद्दल माझं मत सांगतो, कायदा नाही. ताईंचा चेहरा, हात आणि आवाज जाहिरातीत राहणार असेल तर दहातले पाच हजार त्यांचे. विनोद तुमचा असेल, पण भूक लागते ती त्यांच्या कढईनं. शक्यतो तुमच्या हिश्श्यातून नाही तर मालकाकडून वेगळे मागा. मालक पोस्टरवरच्या फोटोचे पैसे छायाचित्रकाराला देतोच ना, हे तसंच. ताई म्हणाल्या पैसे नकोत, तर अशी पोस्ट करा की ती ताई आणि तुम्ही, दोघांच्या अकाउंटवर एकाच वेळी दिसेल. इन्स्टाग्राममध्ये ही सोय आहे: ताईंना सहनिर्माता म्हणून निमंत्रण पाठवायचं, त्यांनी स्वीकारलं की दोघांची नावं वर येतात आणि व्ह्यू, कमेंट एकत्र जमतात. अर्थात हे निमंत्रण स्वीकारलं म्हणजे जाहिरातीला हो म्हटलं असं धरू नका, तो मेसेज वेगळाच हवा.

नाव कुठं द्यायचं, हेही थोडं बारकाईनं. कॅप्शनच्या पहिल्या ओळीत द्या, कारण पुढचं "आणखी" दाबल्याशिवाय दिसत नाही. त्याशिवाय व्हिडिओवर, त्यांच्या अर्ध्या भागात, वाचता येईल एवढ्या अक्षरात. अगदी खाली नको, तिथं अ‍ॅपची बटणं येतात. त्यांच्या क्लिपवर आधीपासून अकाउंटचं नाव कोरलेलं असेल तर ते क्रॉप करू नका, त्यावर स्टिकरही चिकटवू नका. मालकाची ओळख सांगणारी अशी माहिती जाणूनबुजून काढणं याला 2012 पासून कायद्यात वेगळं कलम आहे, 65 ब. त्यात 2 वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. आपल्या प्रमाणाच्या प्रकरणात तुरुंगापर्यंत कोणी गेलेलं मी पाहिलेलं नाही. पण तक्रारीसोबत "माझं नाव कापलं" असा स्क्रीनशॉट जोडला की समोरच्याला तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलायला जागाच उरत नाही.

यूट्यूबचं थोडक्यात. तिथं दोन गोष्टींची गल्लत होते. क्लेम आला तर बहुधा गाणं पकडलं गेलंय. व्हिडिओ राहतो, कमाई दुसरीकडं जाते किंवा आवाज बंद होतो. स्ट्राइक आला तर कोणीतरी माणसानं कायदेशीर विनंती करून व्हिडिओ काढायला लावलाय. 90 दिवसांत असे 3 झाले तर चॅनल जाऊ शकतं, आणि इथं चॅनल मालकाचं आहे. त्याला उत्तर म्हणून प्रतिदावा करता येतो, पण तो करताना तुम्ही शपथेवर सांगता की हे चुकीनं काढलं गेलं. तक्रारदाराला मग कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला 10 कामाचे दिवस मिळतात. लोक तो सहज म्हणून करून बघतात. हातात ताईंचा "वरील सर्व मान्य आहे" हा मेसेज नसेल तर करू नका.

आणि ताई नाही म्हणाल्या तर? तसंही होतं, विशेषतः सासरचे काय म्हणतील ही काळजी असेल तर. मग त्यांच्या भागाला हात लावायचा नाही, पण सगळं हातचं गेलं असंही नाही. रेसिपी कोणाच्या मालकीची नसते. रस्सा कसा करायचा ही कल्पना आहे, ताईंनी तो जसा शूट केला ती त्यांची निर्मिती आहे. सासूचं सोंग, तुमचे संवाद आणि तुमचा अभिनय तुमचा. यापुढं एक सवय लावा: रिमिक्स करण्याआधी तुमचा भाग फोनच्या साध्या कॅमेऱ्यात वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. अ‍ॅपमध्ये एकदा दोन्ही चिकटले की तुमचा भाग सुटा काढताना अर्ध्या स्क्रीनचं फुटकं चित्र हाती येतं. ते नसेल तर सोंग परत नेसा, संवाद पाठ आहेतच.

मग मालकाला सांगा की गर्दी व्हायच्या आधी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, भोजनालयाच्या मागच्या खोलीत त्यांच्याच आचाऱ्याला त्यांच्याच मसाल्याचा रस्सा करू दे. फोन उभा धरून, खिडकी पाठीमागं नको, कढईवर थेट ऊन नको, रेडिओ बंद. आचाऱ्याला तो जाहिरातीत दिसणार आहे हे सांगून त्याचंही दोन ओळींचं हो घ्या. तुमच्या सासूला ताईंच्या वाक्यावर बोलायचं होतं, आता आचाऱ्याच्या वाक्यावर बोलेल. ताईंचे शब्द त्याच्या तोंडी घालू नका, तो मसाला परतताना जे बोलतो तेच ठेवा. आमच्याकडच्या आचाऱ्यांना बोलायला शिकवावं लागत नाही.